यूट्यूबवर व्हिडिओ ‘पब्लिक’ करण्याआधी काय तपासाल?

यूट्यूबवर व्हिडिओ टाकताना सर्वात आधी ‘ऑडियन्स’ची निवड करा. पुढच्या काही सोयी मिळणार की नाही, हे त्यावरच ठरतं. समजा, शाडूच्या मातीचा गणपती कसा बनवायचा, हा तुमचा ४ मिनिटांचा व्हिडिओ आहे.

१. व्हिडिओ मुलांसाठी आहे का?
अपलोड करताना ‘Yes, it's made for kids’ किंवा ‘No, it's not made for kids’ यापैकी एक पर्याय निवडावाच लागतो. २०१९ मध्ये अमेरिकेत मुलांच्या माहितीच्या गोपनीयतेवरून यूट्यूबला १७ कोटी डॉलर्सचा दंड झाला. त्यानंतर हा नियम जगभर लागू झाला. ‘Yes’ निवडलं की कमेंट्स बंद होतात. कार्ड्स आणि एंड स्क्रीनही लावता येत नाहीत. व्हिडिओत लहान मूल दिसतं, एवढ्यावरून तो मुलांसाठीचा ठरत नाही. तुम्ही मुलांना उद्देशून बोलत असाल तर ‘Yes’; घरी मूर्ती बनवणाऱ्या मोठ्यांसाठी असेल तर ‘No’.

२. वयाची अट हवी का?
‘No’ निवडल्यावर १८ वर्षांवरील प्रेक्षकांपुरता व्हिडिओ मर्यादित ठेवता येतो. असा व्हिडिओ लॉगइन न करता पाहता येत नाही आणि त्यावर जाहिराती कमी मिळतात किंवा मिळतच नाहीत. त्यामुळे ‘मुलांसाठी नाही’ म्हणजे ‘फक्त प्रौढांसाठी’ असा अर्थ घेऊ नका. आपल्या गणपतीच्या व्हिडिओला ही अट नको.

३. कार्ड्स आणि एंड स्क्रीन
कार्ड म्हणजे व्हिडिओ सुरू असताना कोपऱ्यात दिसणारी लिंक. एका व्हिडिओत जास्तीत जास्त ५ कार्ड्स लावता येतात. माती मळण्याचा वेगळा व्हिडिओ असेल, तर त्याचा उल्लेख येतो त्याच क्षणी कार्ड लावा. एंड स्क्रीन शेवटच्या ५ ते २० सेकंदांत दिसते. म्हणजे आपल्या व्हिडिओत ती ३:४० च्या आधी सुरू होणार नाही. त्या वेळी कार्ड्स दिसत नाहीत. शेवटी तयार मूर्ती दाखवणार असाल, तर लिंकच्या चौकटी तिच्यावर येणार नाहीत, हे पाहा.

४. कॉपीराइट
‘Checks’ या टप्प्यावर यूट्यूब व्हिडिओतला आवाज आणि दृश्यं तपासतं. पार्श्वभूमीला गणपतीची पारंपरिक आरती असेल, तर तिचे शब्द जुने असले तरी एखाद्या गायकाच्या ध्वनिमुद्रणावर कंपनीचा हक्क असू शकतो. तसा दावा आला तर जाहिरातींचे पैसे कंपनीकडे जाऊ शकतात किंवा व्हिडिओ ब्लॉक होऊ शकतो. अशा वेळी आरती घरच्यांच्या आवाजात रेकॉर्ड करून घ्या.

तपासणी पूर्ण होईपर्यंत व्हिडिओ ‘Private’ ठेवा. एकदा प्रसिद्ध झाल्यावर त्याच लिंकवर दुसरी फाइल चढवता येत नाही. आणि एक लक्षात ठेवा, तपासणीत काही सापडलं नाही तरी हक्कदार नंतरही दावा करू शकतो.