सलूनची फेसबुक-इन्स्टावर जाहिरात: महिन्याला किती पैसे लावायचे आणि वसूल झाले हे कसं ओळखायचं?

तालुक्याच्या गावातले बरेच सलूनवाले आता फेसबुक-इन्स्टाग्रामवर पैसे देऊन जाहिरात करतात. फोटो टाकायचा, `Boost post` बटण दाबायचं, यूपीआयने पैसे भरायचे. महिनाअखेर लाईक दिसतात, पण गल्ल्यात काही आलं का, ते कळत नाही.

रक्कम ठरवताना आधी एका गिऱ्हाईकामागे हातात काय उरतं ते बघावं. दोन खुर्च्यांचं सलून धरू. कटिंग-दाढीचे १५० रुपये. कारागीर निम्म्या हिश्श्यावर, म्हणजे ७५ त्याचे. ब्लेड, क्रीम, टॉवेल धुणं, लाईट मिळून १५ गेले. मालकाला उरले ६०. जाहिरातीचा हिशोब या ६० वर करायचा, १५० वर नाही. इथंच बहुतेकांची गल्लत होते.

महिन्याला १५०० रुपये लावले तर त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी २७०. एकूण १७७०. ते एका फेरीत भरून काढायला ३० नवी गिऱ्हाईकं लागतील. छोट्या गावात ते अवघड आहे. पण कटिंगला माणूस परत येतो, त्यामुळं हिशोब तीन महिन्यांचा धरावा.

जाहिरात लावताना ॲप आपोआप लोक निवडतं, तसं सोडू नये. मग पुण्या-मुंबईचेही लोक जाहिरात बघतात, लाईक करतात, पण कटिंगला कोण येणार? दुकानावर पिन ठेवून ८-१० किलोमीटरचा घेर द्यावा, म्हणजे बाजाराला येणारी आसपासची गावं त्यात येतात. उद्देश विचारला जातो तिथं मेसेज येण्याचा पर्याय घ्यावा. शेवटची तारीख जरूर टाकावी. ‘बंद करेपर्यंत चालू’ ठेवली की पैसे जातच राहतात. रविवारी दुकान तसंही भरलेलं असतं, म्हणून जाहिरातीत बुधवार-गुरुवार दुपारची वेळ लिहिलेली बरी. गर्दीच्या दिवशी बोलावलेला नवा माणूस तासभर बाकड्यावर बसून निघून जातो.

आता मोजणी. त्याला मोबाईल नको, वही हवी. नवा माणूस खुर्चीत बसला की ‘आपलं दुकान कुठून कळलं?’ एवढं विचारायचं. जाहिरात बघून आला असेल तर नाव लिहून खूण करायची. कारागिरालाही ही सवय लावावी लागते, नाहीतर निम्म्या नोंदी राहून जातात. ‘जाहिरात दाखवा, चंपी फुकट’ असं लिहिलं तर माणूस स्वतःच सांगतो. मात्र जुनं गिऱ्हाईकही तीच जाहिरात दाखवतं. त्याला चंपी द्यावी, पण वहीत धरू नये, कारण तो तसाही येणारच होता. ‘रेट काय?’ एवढंच विचारून गप्प झालेले मेसेजही धरायचे नाहीत.

समजा, एक महिना जाहिरात केली आणि वहीत १८ नवी नावं आली. १८ गुणिले ६० म्हणजे १०८०. खर्च १७७०, म्हणजे ६९० रुपये तोटा. इथं बहुतेक जण ‘ऑनलाइनचं काही खरं नाही’ म्हणून सोडून देतात. पण त्यातले ९ जण दुसऱ्या महिन्यात परत आले तर ५४० मिळाले, तिसऱ्या महिन्यात ८ आले तर ४८०. एकूण २१०० झाले. तिसऱ्या महिन्यात पैसे फिटून ३३० वर उरले. उलट १८ पैकी दोन-तीनच परतले, तर जाहिरात फसली असं म्हणता येत नाही. माणसं दुकानापर्यंत आली होती. मग वाट बघणं, कटिंग, स्वच्छता यात काय खटकलं ते तपासावं. अशा वेळी पैसे वाढवले तर तोटाच वाढतो.

महिना कोणता, हेही बघावं लागतं. श्रावणात आपल्याकडं बरेच जण दाढी-कटिंग करत नाहीत. त्या महिन्यात चांगली जाहिरातही पडलेली दिसेल. श्रावण संपून गणपती आले की, किंवा दिवाळी-लग्नसराईत, जाहिरात नसतानाही रांग लागते आणि वाटतं जाहिरात चालली. म्हणून पहिली परीक्षा साध्या महिन्यात घ्यावी. पुढचा महिना जाहिरात बंद ठेवून नव्या गिऱ्हाईकांची वही तशीच चालू ठेवावी. बंद महिन्यातही साधारण तेवढेच नवे चेहरे आले, तर ते जाहिरातीमुळं येत नव्हते. त्यापेक्षा १७७० रुपयांत स्टँडजवळ एक चांगला बोर्ड लागतो का, ते विचारून बघावं.