लहान मालवाहू वाहन : घरपोच धंद्यासाठी निवड (कडोदरा)

सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यातील कडोदरा येथे मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि सुरतहून बारडोली, नवापूरमार्गे धुळ्याकडे जाणारा महामार्ग एकमेकांना छेदतात. गिरण्या, यंत्रमाग आणि कामगारांच्या चाळी यांमुळे पाण्याचे जार, किराणा व गॅसशेगड्या घरपोच देण्याचा धंदा इथे जमतो. त्यासाठी साधारणतः चारचाकी लहान टेम्पो घेतला जातो. २००५ साली टाटा एस बाजारात आल्यापासून असा कोणत्याही कंपनीचा टेम्पो ‘छोटा हाथी’च ठरतो. निवडताना बहुतेक जण आधी किंमत आणि अ‍ॅव्हरेज विचारतात. खरे तर आधी पाहायचे ते ‘पासिंग’, म्हणजे कायद्याने किती वजन नेता येते ते.

भारक्षमता. आरसी बुकात दोन आकडे असतात : रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन. त्यांतली वजाबाकी म्हणजे भारक्षमता. रिकाम्या वजनात कायद्यानुसार चालक व मदतनीस धरलेले नसतात, ही बाब विक्रेता सहसा सांगत नाही. मारुती सुपर कॅरीचे उदाहरण घेऊ. तिचे भरलेले कमाल वजन १,६०० किलो. पेट्रोल गाडीची भारक्षमता ७४० किलो, सीएनजीची ६२५. फरक मुख्यतः टाक्यांच्या वजनाचा. दोन माणसांचे १३० किलो वजा केले, तर पेट्रोल गाडीत ६१० आणि सीएनजी गाडीत ४९५ किलो माल उरतो. वीस लिटरचा भरलेला जार सुमारे २१ किलोचा; म्हणजे एका फेरीत पेट्रोलवर २९ जार, सीएनजीवर २३. मागच्या हौद्यात मात्र जारांच्या आठ रांगा, रांगेत पाच, असे चाळीस जार एका थरात सहज बसतात. फसगत इथेच होते. डोळ्यांना गाडी जेमतेम भरलेली दिसते, पण सीएनजी गाडीचे वजन तेव्हा मर्यादेपेक्षा साडेतीनशे किलोंच्या आसपास जास्त असते. मागचे पाटे सपाट होतात, दिव्यांचा झोत वर चढतो, ब्रेक उशिरा लागतो. पापड, चिवडा किंवा कपड्यांचे खोके नेणाऱ्याला हा प्रश्न नाही. त्याची जागा आधी संपते, वजन नंतर. त्याने हौद्याची लांबी मोजावी. बंद डबा बांधून घेतल्यास त्याचे वजनही भारक्षमतेतून जाते. शंका असल्यास रिकामी गाडी वजनकाट्यावर चढवून पाहावी.

इंधन. कंपनीचा आकडा पेट्रोलला लिटरमागे सुमारे १८ किलोमीटर आणि सीएनजीला किलोमागे सुमारे २३. दर चार घरांमागे थांबणाऱ्या गाडीसाठी हिशेबात अनुक्रमे १२ आणि १६ धरणे बरे. रोज ९० जार द्यायचे असतील, तर दोन्ही गाड्यांना चारच फेऱ्या लागतात. फेरी १५ किलोमीटरची धरली, तर दिवसाचे ६०. पेट्रोल ९५ रुपये लिटर व सीएनजी ८० रुपये किलो मानल्यास खर्च ४७५ आणि ३०० रुपये होतो. जार ११५ झाले की पेट्रोलच्या चार फेऱ्या राहतात, सीएनजीला पाचवी लागते. तरीही तिचा इंधनखर्च ३७५ रुपयेच. वाढतो तो वेळ. पाचव्या फेरीचे तास आणि मदतनीसाची मजुरी परवडते का, हे ज्याने त्याने ठरवायचे. सीएनजी पंपावरची रांगही त्याच वेळात मोजावी.

परवाना. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६६ नुसार भरलेले कमाल वजन ३,००० किलोंपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. कायदा केंद्राचा असल्यामुळे अशी गाडी कडोदऱ्याहून नवापूरला माल घेऊन गेली, तरी वेगळे परमिट काढावे लागत नाही. पावणेदोन टनी पिकअप ही रेषा ओलांडतो, मग राज्याचे परमिट आणि सीमेपलीकडे जायचे असल्यास राष्ट्रीय परमिट आलेच. दीड टन वाहणाऱ्या टाटा इंट्रा व्ही ५० चे कमाल वजन ३,००० च्या किंचित आत ठेवलेले आहे, ते उगाच नव्हे. विजेवर चालणाऱ्या व्यावसायिक गाड्यांना २०१८ पासून परमिट माफ आहे. परमिट नाही म्हणजे कागदच नाहीत, असा अर्थ मात्र नाही : व्यावसायिक नोंदणी, विमा, पीयूसी आणि पहिल्या दोन वर्षांनंतर फिटनेस लागतोच. खासगी, पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाड्याने माल नेणे नियमबाह्य आहे. हलक्या वाहनाच्या लायसनवर साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केले.

जादा भार सापडल्यास केंद्रीय कायद्यात २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये आहेत. शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो.