उंडुक आणि आंत्रपुच्छ

उंडुक हा मोठ्या आतड्याचा पिशवीसारखा आरंभीचा भाग असून तो बहुतेक व्यक्तींत पोटाच्या उजव्या खालच्या भागात असतो. लहान आतडे त्याला आतील बाजूने येऊन मिळते. या संधीच्या सुमारे २ सेंमी खाली आंत्रपुच्छाचे, म्हणजेच व्यवहारात ज्याला अपेंडिक्स म्हणतात त्याचे, मूळ असते. मूळ उंडुकाला पक्के जोडलेले असते. टोक मात्र कोणत्याही दिशेस वळलेले असू शकते.

आतड्याची ओळख

लहान छेदातून दिसणारे आतडे लहान की मोठे, हे केवळ जाडीवरून ठरवू नये. आकुंचित मोठे आतडे वायूने फुगलेल्या लहान आतड्यापेक्षा बारीक दिसते. खात्रीची खूण म्हणजे मोठ्या आतड्याच्या लांबीने जाणाऱ्या तीन स्नायुपट्ट्या. या पट्ट्या आतड्याच्या भिंतीपेक्षा आखूड असल्याने भिंतीला चुण्या पडून फुगवटे तयार होतात. लहान आतड्यात हाच स्नायुथर सर्व बाजूंनी सलग असतो व पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो. मोठ्या आतड्यावर मेदाचे लहान लोंबते गोळेही असतात. परंतु उंडुकावर ते विरळ असतात किंवा नसतातच, म्हणून त्यांच्या अभावावरून निष्कर्ष काढू नये. हे गोळे विपुल असतील, तर हाती आलेला भाग डावीकडून सरकून आलेले अवग्रहाकृती बृहदांत्र असण्याची शक्यता असते. वपाजाल चिकटलेले असल्यास तो आडवा भाग समजावा.

बोकडाच्या वजडीवरून मात्र हा अंदाज बांधता येत नाही. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या उंडुकावर अशा पट्ट्या नसतात आणि त्यांना आंत्रपुच्छही नसते.

आंत्रपुच्छाच्या स्थिती

सेसिल वेकली यांनी १९३३ मध्ये १०,००० व्यक्तींच्या निरीक्षणांवरून दिलेल्या आकडेवारीत सुमारे ६५ टक्के आंत्रपुच्छे उंडुकामागे व ३१ टक्के कटिपोकळीत उतरलेली होती. मागे दडलेल्या आंत्रपुच्छास सूज आल्यास पुढून दाबल्यावर दुखणे व पोट कडक होणे कमी जाणवते. वायूने भरलेले उंडुक मध्ये येते. मांडी मागे ताणल्यास मात्र कळ येऊ शकते. कटिपोकळीतील सुजेमुळे वारंवार लघवी किंवा जुलाब होतात, आणि रोग मूत्रमार्गाचा किंवा जंतुसंसर्गाचा समजला जातो. क्वचित उंडुक गर्भावस्थेत पूर्ण खाली न उतरता यकृताखालीच राहते. तेव्हा वेदना पित्ताशयाच्या दुखण्यासारखी भासते.

शस्त्रक्रियेत आंत्रपुच्छ दिसत नसल्यास उंडुकावरील पुढची पट्टी खालच्या दिशेने धरून जातात. तिन्ही पट्ट्या आंत्रपुच्छाच्या मुळाशीच एकत्र येतात आणि त्याचा सलग स्नायुथर बनतात. मूळ सापडूनही टोक मागे अडकलेले असेल, तर उंडुकाच्या बाहेरील कडेचे पर्युदर कापून उंडुक आतल्या बाजूस उलटतात. तरीही टोक सुटत नसेल, तर मूळ आधी बांधून कापतात व तेथून टोकाकडे सोडवत जातात.