गप्प बसलात म्हणजे ‘हो’ म्हणालात: फ्री ट्रायलची शंभर वर्षं

‘सात दिवस फ्री’ ही आयडिया मोबाइलवाल्यांची आहे असं वाटत असेल, तर आज आपल्याला थेट १९२६ सालच्या न्यूयॉर्कला जायचंय.

त्या वर्षी हॅरी शेरमन यांनी ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ सुरू केला. दर महिन्याला परीक्षक एक पुस्तक निवडणार आणि ते पोस्टानं घरी येणार. ‘लॉली विलोज’ ही पहिली कादंबरी ४,७५० सभासदांकडे गेली. पण न आवडलेली पुस्तकं लोक परत पाठवायला लागले आणि परतीचा ढीग परवडेना. मग क्लबनं युक्ती काढली: पुस्तकाच्या आधी एक सूचना आणि फॉर्म पाठवायचा. नको असेल तर फॉर्म भरून कळवा. काहीच कळवलं नाही, तर पुस्तक येणार आणि बिलही येणार.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला डीफॉल्ट म्हणतो. ग्राहकानं काहीच केलं नाही तर काय होईल, हे आधीच ठरवून ठेवणं. इथे गप्प बसणं म्हणजेच होकार. पुढे रेकॉर्ड क्लबांनी हेच उचललं. एका सेंटमध्ये ढीगभर रेकॉर्ड्स, आणि नंतर दर महिन्याला ‘नको’ म्हणायचं कार्ड. कार्ड पाठवायचं विसरलात की रेकॉर्ड दारात.

तक्रारी वाढल्यावर १९७३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं नियम केला. ही पद्धत त्यांनी बंद केली नाही. अटी जाहिरातीतच स्पष्ट सांगा आणि ‘नको’ कळवायला किमान १० दिवस द्या, एवढंच सांगितलं. १० दिवस मिळाले नाहीत, तर माल कंपनीच्या खर्चानं परत. म्हणजे गप्प बसण्याला होकार मानायचं असेल, तर माणसाला आधी कळलं पाहिजे आणि ‘नाही’ म्हणायला वेळही मिळाला पाहिजे.

इंटरनेटवर हे कार्डच गायब झालं. कार्डचा नंबर पहिल्याच दिवशी कंपनीकडे, आणि ट्रायल संपली की पैसे आपोआप कट. म्हणून २०१० मध्ये अमेरिकेत नवा कायदा आला. त्याच्या तीन अटी: पैशाची माहिती घेण्याआधी सगळं स्पष्ट सांगा, स्पष्ट होकार घ्या, आणि बंद करायचा सोपा मार्ग द्या.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेचे नियम ऑक्टोबर २०२१ पासून पूर्णपणे लागू झाले. आपोआप पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायलाच हवी. म्हणजे ते जुनं कार्ड परत आलं, फक्त १० दिवसांचे २४ तास झाले! आणि ती सूचना सेलच्या मेसेजांमध्ये कुठेतरी दबून जाते.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एक अ‍ॅप म्हणतं, ‘फक्त २ रुपयांत ७ दिवस’. हे मोठ्या बटणावर. खाली फिकट अक्षरांत: नंतर दर तीन महिन्यांनी ४९९ रुपये. बटण दाबलं की यूपीआयचा स्क्रीन येतो. पिन टाकण्याआधी तिथेच थांबा. खरा करार तो आहे, बटण नाही. तिथे कमाल रक्कम दिसते, समजा ९९९. किती वेळानं कापणार ते दिसतं. शेवटची तारीख दिसते, कधी कधी कित्येक वर्षं पुढची. तुम्ही २ रुपयांना नाही, तर तेवढी वर्षं दर वेळी ९९९ पर्यंत कापायला परवानगी देताय. १ तारखेला सुरू केलंत तर ८ तारखेला पैसे जाणार, आणि सूचना कदाचित ७ तारखेलाच येणार.

पुढे पैसे लागणार म्हणून ट्रायल लगेच फसवी ठरत नाही. हीच ऑफर प्रामाणिक असती, तर ४९९ हा आकडा २ च्या शेजारी, तितकाच ठळक असता. आठवण दोन-तीन दिवस आधी आली असती. आणि सुरू करायला दोन टॅप लागत असतील, तर बंद करायलाही जवळपास तेवढेच लागले असते, कस्टमर केअरला फोन न लावता. माझी साधी चाचणी: ट्रायल सुरू केल्या केल्या ऑटो-रिन्यू बंद करून बघतो. उरलेले दिवस चालू राहिले तर कंपनीची भिस्त माझ्या विसराळूपणावर नाही.

आणखी एक गोष्ट. अ‍ॅप डिलीट केलं तरी मँडेट जिवंतच राहतं. यूपीआय अ‍ॅपमधल्या ऑटोपे विभागात जाऊन ते रद्द करावं लागतं. कार्ड दिलं असेल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा साइटवर बघा.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ला डार्क पॅटर्नच्या यादीत टाकलं. रद्द करायचा पर्याय लपवणं त्यात येतं. फुकट सबस्क्रिप्शनसाठी ऑटो डेबिटची परवानगी द्यायला भाग पाडणंही त्यात येतं. असं कुणी केलं तर स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार करा.

आजच्या भागापुरतं एवढंच. ऑटोपेची यादी आत्ताच उघडून बघा. अनोळखी नाव दिसलं, तर ते का आहे हे आधी शोधा.