पवनचक्कीवर टेक्निशियन व्हायचंय? काय शिकावं लागतं

पाटण तालुक्यातील वनकुसवडे, सातारा तालुक्यातील चाळकेवाडी आणि सांगलीकडे ढालगावच्या माळावर पवनचक्क्या रोज दिसतात. मात्र तिथे नोकरीसाठी नेमकं काय शिकावं, याबाबत तरुणांमध्ये गोंधळ आहे.

पाया आयटीआयचाच. इलेक्ट्रिशियन किंवा फिटर, दोन्ही ट्रेड दोन वर्षांचे. त्यानंतर अ‍ॅप्रेंटिसशिप केलेली असली तर चांगलं. महागडा ‘ग्रीन एनर्जी’ कोर्स आयटीआयची जागा घेत नाही.

काम कसं असतं? समजा गिअरबॉक्सचं तापमान वाढून मशीन बंद पडलं. टेक्निशियन आधी खालच्या पॅनेलवरून मशीन मेंटेनन्सवर टाकतो, म्हणजे वर माणूस असताना कुणी ते लांबून चालू करू नये. मग हार्नेस घालून टॉवरच्या आतल्या शिडीने वर जायचं, रोटर लॉक करायचा आणि तेलाची पातळी, फिल्टर, कूलरचा पंखा तपासायचा. बऱ्याचदा दोष तुंबलेल्या फिल्टरसारखा साधाच निघतो. चढायला जमलं नाही तर मात्र डिप्लोमाही कामाचा नाही.

म्हणून उंचीवर काम करण्याचं वेगळं प्रशिक्षण लागतं. जीडब्ल्यूओचं प्रमाणपत्र दोन वर्षंच चालतं, नंतर पुन्हा करावं लागतं. त्याचा खर्च कंपनी करणार की ठेकेदार पगारातून कापणार, हे रुजू होण्याआधीच विचारून घ्यावं.

मोठी देखभाल पावसाळ्याआधी उरकतात. जूननंतर वारा वाढतो, वीजही तेव्हाच जास्त मिळते आणि जोराच्या वाऱ्यात वर चढता येत नाही.