रीबूट न करता हायपरवायझर दुरुस्त करण्याची कुळकथा

सप्टेंबर २०१४ च्या अखेरीस अ‍ॅमेझॉनने आपल्या ईसी२ सेवेतल्या बऱ्याच मशीन रीबूट केल्या. त्यामागचं कारण १ ऑक्टोबरला जाहीर झालं. झेन या हायपरवायझरमध्ये २५६ रजिस्टरांची नक्कल करायची होती, पण कोडने हद्द १०२४ ची धरली होती. त्यामुळे एखादा गेस्ट पलीकडचं रजिस्टर वाचू लागला, की त्याला शेजारच्या गेस्टची किंवा खुद्द हायपरवायझरची मेमरी दिसू शकत होती. दुरुस्ती अगदी छोटी होती, पण हायपरवायझर रीबूट झाला की त्याच्यावरचे सगळे गेस्ट बंद पडतात.

गेस्ट आधी दुसरीकडे हलवण्याची युक्ती तोवर जुनी झाली होती. केंब्रिजच्या मंडळींनी २००५ मध्ये ती झेनवर दाखवली. गेस्ट चालू असतानाच त्याची मेमरी पलीकडे उतरवत राहायची, दरम्यान बदललेली पानं पुन्हा पाठवायची आणि शेवटी क्षणभर थांबवून उरलेली न्यायची. त्यांनी क्वेक ३ या खेळाचा सर्व्हर हलवला, तेव्हा तो जेमतेम ६० मिलिसेकंद थांबला. पण त्यासाठी पलीकडे मोकळा होस्ट लागतो. गेस्टची डिस्क होस्टच्याच पोटात असेल, तर तीही वाहून न्यावी लागते. हजारो होस्ट घाईने दुरुस्त करायचे असतील, तर ही वाट फार लांबची.

दुसरी वाट लिनक्सकडून आली. एमआयटीच्या जेफ अर्नोल्डने २००८ मध्ये केस्प्लाइस मांडलं: चालत्या कर्नलमधल्या जुन्या फंक्शनच्या तोंडाशीच नव्या फंक्शनकडे उडी लिहायची. अडचण एकच, पण मोठी. एखादा थ्रेड त्या फंक्शनच्या मध्यावर झोपलेला असू शकतो, म्हणून प्रत्येक थ्रेडचा स्टॅक तपासावा लागतो.

झेनमध्ये ही अडचण जवळपास उरतच नाही, आणि मला या कथेत सर्वांत देखणं वाटतं ते हेच. तिथे प्रत्येक सीपीयूला एकच स्टॅक असतो आणि गेस्टकडे परतताना त्यावर काहीच शिल्लक नसतं. झेनचे विकसक कॉनराड विल्क आणि रॉस लॅगरवॉल यांनी नेमकी हीच जागा हेरली. सगळे सीपीयू त्या उंबरठ्यावर जमवायचे, इंटरप्ट बंद करायचे, जुन्या फंक्शनच्या पहिल्या पाच बाइटांवर उडी लिहायची आणि सगळ्यांना सोडून द्यायचं. ठरल्या वेळात सगळे जमले नाहीत, तर बेत रद्द होतो. तो नंतर पुन्हा करून पाहता येतो. जून २०१६ च्या झेन ४.७ मध्ये हे आलं.

```
xen-livepatch load fix.livepatch
xen-livepatch list
```

यादीत APPLIED दिसलं, की पॅच बसला. मात्र तो ज्या बिल्डसाठी बनवला त्याच बिल्डवर बसतो. डेटा स्ट्रक्चरची रचनाच बदलायची असेल, तर ही युक्ती सहसा अपुरी पडते आणि गेस्ट हलवून रीबूट करावंच लागतं. शिवाय पॅच असतो तो फक्त मेमरीत. डिस्कवरची हायपरवायझरची फाइल बदलायची राहून गेली, तर पुढच्या रीबूटला तेच जुनं भोक पुन्हा उघडं पडतं.