हेन्लीचा खेळ आणि संघातील भूमिकांची नावे

इंग्लंडमध्ये थेम्स नदीकाठी हेन्ली येथील प्रशासन-महाविद्यालयात अनुभवी अधिकाऱ्यांच्या शिक्षणक्रमात व्यवस्थापनाचा एक खेळ खेळला जात असे. प्रत्येक संघाने एक काल्पनिक कंपनी चालवावयाची आणि अखेरीस ज्याची आर्थिक स्थिती सर्वांत चांगली तो विजयी, असे त्याचे स्वरूप होते. मेरिडिथ बेल्बिन यांनी १९६९ च्या सुमारास या खेळाचा पद्धतशीर अभ्यास आरंभिला. खेळणाऱ्यांच्या बुद्धीच्या व स्वभावाच्या चाचण्या आधी घेतल्या जात, आणि खेळ चालू असता कोण काय बोलतो याची नोंद निरीक्षक करीत.

कुशाग्र बुद्धीच्या मंडळींना एकत्र आणल्यास तो संघ जिंकणार, ही अपेक्षा स्वाभाविकच होती. अशा संघांना ‘अपोलो’ हे नाव मिळाले. परंतु पंचवीस अपोलो संघांपैकी केवळ तीन विजयी झाले. आठ संघांच्या स्पर्धेत त्यांचा क्रमांक सर्वाधिक वेळा सहावा लागला. नोंदींवरून कारणही उमगले. जो तो दुसऱ्याच्या युक्तिवादातील छिद्र अचूक हेरी, पण स्वतःचे मत सोडण्यास कोणीच राजी नसे. परिणामी निर्णय रेंगाळत आणि निकडीची कामे तशीच पडून राहत.

या अनुभवातून १९८१ च्या ग्रंथात आठ भूमिका मांडल्या गेल्या. कल्पक व्यक्तीस ‘प्लँट’ म्हटले गेले, कारण अशी व्यक्ती संघात मुद्दाम ‘पेरली’ जाई. नावांचा पुढील इतिहास अधिक उद्बोधक आहे. ‘चेअरमन’चा पुढे ‘समन्वयक’ झाला व ‘कंपनी वर्कर’चा ‘अंमलकर्ता’. पहिले नाव पदाचे होते, दुसऱ्यात हलकेपणाची छटा होती. वस्तुतः समन्वयकाने अध्यक्षाच्या खुर्चीत बसलेच पाहिजे असे नाही. ध्येय स्पष्ट करून योग्य काम योग्य माणसाकडे सोपविणे, हे त्याचे कार्य. अंमलकर्ता ठरलेल्या धोरणाचे रोजच्या कामात रूपांतर करतो. पूर्तिकर्ता उरल्यासुरल्या चुका शोधून काम मुदतीत तडीस नेतो, मात्र इतरांवर काम सोपविणे त्याच्या जिवावर येते. ‘विशेषज्ञ’ ही नववी भूमिका नंतरची.

समजा, बोलीच्या पाहणीसाठी पाच जणांचा संघ आहे : दोन प्लँट, एक परीक्षक, एक समन्वयक, एक अंमलकर्ता. माहिती वेळेवर गोळा होईल. पण सूची आणि मुद्रितशोधन अडून राहील. तथापि सहावा माणूस आणण्याची गरज नाही. बहुतेकांना दोन-तीन भूमिका साधतात. परीक्षकाचा दुसरा कल पूर्तीकडे असल्यास अखेरची तपासणी आरंभीच त्याच्या नावे लावून द्यावी. दोन प्लँटांचे काय? ते आपापल्या योजनेस चिकटून बसण्याचा धोका मोठा. त्यांचे विषयच वेगळे करावे हे बरे.

या निदानाची भिस्त मात्र प्रश्नावलीवर आहे, आणि तेथे सावधगिरी हवी. तीत प्रत्येक विभागातील दहा गुण उत्तर देणाऱ्याने विविध विधानांत वाटावयाचे असतात. एका भूमिकेस अधिक दिले की दुसरीस कमी उरणारच. म्हणून हे आकडे एकाच व्यक्तीमधील कल दाखवितात. दोन व्यक्तींच्या आकड्यांची तुलना त्यांवरून करता येत नाही. १९९३ मध्ये फर्नहॅम, स्टील व पेंडलटन यांनी या साधनाच्या विश्वसनीयतेवर आक्षेप घेतले. स्वतःविषयीच्या उत्तरांना सहकाऱ्यांच्या निरीक्षणाची जोड देण्याची पद्धतही रूढ झाली आहे. या दोहोंत तफावत आढळल्यास सहकाऱ्यांना प्रत्यक्ष कामात काय दिसले, त्याची विचारपूस आधी करावी लागते.